बट्टा हा तोटा नव्हे, व्याजच!

औसा, निलंगा, अहमदपूर अशा तालुक्यांच्या गावी सावकारीचा एक जुना प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. कागदावर शंभर रुपये लिहावयाचे, ऋणकोच्या हातावर नव्वद ठेवावयाचे आणि वर्षाने पुरे शंभर वसूल करावयाचे. वरचे दहा रुपये ‘कापून घेतले’ असे म्हणतात. हे दहा रुपये म्हणजे व्याज होय, हे सांगण्यासाठी वाणिज्य शाखेच्या पदवीची गरज कोणालाही भासत नाही. त्या व्याजाचा दर दहा टक्के नसून, हाती आलेल्या नव्वद रुपयांवर अकरा टक्क्यांहून किंचित अधिक पडतो, हेही बाजारात उठबस असलेला माणूस पाटी-पेन्सिल न घेता सांगू शकतो.

नवलाची गोष्ट ही की, हाच व्यवहार एखाद्या मर्यादित कंपनीने केला आणि त्याला ‘कर्जरोख्यांची बट्ट्याने विक्री’ असे भारदस्त नाव मिळाले, की महाविद्यालयाच्या वर्गात त्याचे स्वरूपच पालटते. कापलेल्या रकमेला ‘भांडवली तोटा’ म्हटले जाते. ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूस तिला ‘काल्पनिक मालमत्ता’ म्हणून बसविले जाते आणि रोख्यांच्या मुदतीत समान हप्त्यांनी ती निर्लेखित करावी असे सांगून प्राध्यापक पुढच्या उदाहरणाकडे वळतात. विद्यार्थ्याला गुण मिळतात. पण कंपनीने कर्ज कोणत्या दराने घेतले, हा एकमेव महत्त्वाचा प्रश्न त्या उदाहरणात अनुत्तरित राहतो.

पाठ्यपुस्तकातील नेहमीचे उदाहरणच पाहू. एका कंपनीने दहा लाख रुपये दर्शनी किमतीचे, दहा टक्के व्याजाचे, पाच वर्षांच्या मुदतीचे कर्जरोखे पाच टक्के बट्ट्याने विकले. रोकड खात्यात साडेनऊ लाख आले, पन्नास हजार बट्टा खात्यास नावे पडले आणि कर्जरोखे खात्यावर दहा लाख जमा झाले. दरवर्षी एक लाख रुपये व्याज रोखीने द्यावयाचे आणि दहा हजार रुपये बट्टा निर्लेखित करावयाचा. एवढ्यावर उत्तर पूर्ण होते. वस्तुतः साडेनऊ लाखांवर वर्षाला एक लाख आणि शेवटी परतफेडीच्या वेळी पन्नास हजार अधिक, असा हा करार आहे. त्याचा खरा वार्षिक दर सुमारे ११.३६ टक्के येतो. या दराने पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे एक लाख आठ हजार होते. त्यापैकी एक लाख रोख दिले जातात. उरलेले आठ हजार दिले जात नाहीत, ते कर्जाच्या रकमेत मिळविले जातात. म्हणून दुसऱ्या वर्षी कर्ज साडेनऊ लाखांचे नसून नऊ लाख अठ्ठावन्न हजारांचे असते. अशा रीतीने दरवर्षी थोडी अधिक भर पडत पाचव्या वर्षी सुमारे बारा हजारांची शेवटची भर पडते आणि कर्ज बरोबर दहा लाखांवर पोहोचते. सरळ हप्त्याने दहा हजार, तर खऱ्या हिशेबाने आठपासून बारा हजार, एवढाच येथे फरक आहे. फरक लहान असल्यामुळे चुकीची पद्धत पिढ्यान् पिढ्या खपून गेली.

न्यायालयांनीही ती मान्य केली, आणि त्या प्रकरणात काही बिघडले नाही. मद्रास इंडस्ट्रियल इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने १९६६ मध्ये दीड कोटी रुपयांचे रोखे बारा वर्षांच्या मुदतीने दोन टक्के बट्ट्याने विकले होते. बट्टा तीन लाख रुपयांचा झाला. हा खर्च आयकरासाठी वजावटीस पात्र आहे काय, आणि असल्यास केव्हा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ मध्ये निकाल लागला. बट्टा हा महसुली खर्च आहे. परंतु त्याचा लाभ बारा वर्षे मिळत असल्याने तो बारा वर्षांवर विभागला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे दरसाल पंचवीस हजार, आणि ज्या सहामाहीचा प्रश्न होता तिच्यापुरते साडेबारा हजार. बट्टा हे पैसा वापरण्याचे मोल आहे आणि ते काळाबरोबर चढते, ही गोष्ट या निकालाने पक्की केली. दोन टक्क्यांच्या बट्ट्यात ते मोल सरळ रेषेत चढते की चक्रवाढीने, याने कोणाचे फारसे अडत नव्हते.

अडचण निर्माण झाली ती १९९२ नंतर. त्या वर्षी मुंबईच्या भारतीय औद्योगिक विकास बँकेने, म्हणजे आयडीबीआयने, एक नव्या तऱ्हेचा रोखा बाजारात आणला. किंमत २,७०० रुपये, दर्शनी किंमत एक लाख रुपये, मुदत पंचवीस वर्षे आणि मधल्या काळात व्याजाचा एक पैसाही नाही. (काटेकोर भाषेत यास कर्जरोखा न म्हणता बंधपत्र म्हणावे लागेल, कारण आयडीबीआय त्या वेळी कंपनी नसून कायद्याने स्थापिलेले महामंडळ होते, हिशेबाच्या दृष्टीने त्याने काही बदलत नाही.) येथे बट्टा दोन किंवा पाच टक्के नव्हता, तो सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक होता. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, निवृत्तीनंतरची सोय, अशा हेतूंनी पगारदार कुटुंबे या रोख्याकडे वळली, यात आश्चर्य नाही. सत्तावीसशेचे एक लाख होणार हे वाक्य कोणालाही भुरळ घालणारेच होते.

आता वर्गातील पद्धत या रोख्याला लावून पाहावी. बट्टा ९७,३०० रुपये, वर्षे पंचवीस, म्हणून दरसाल निर्लेखन ३,८९२ रुपये. याचा अर्थ असा की, २,७०० रुपये उसने घेणारी संस्था पहिल्याच वर्षी त्यावर ३,८९२ रुपये खर्च पडला असे दाखविणार! मुद्दलाहून अधिक व्याज पहिल्या बारा महिन्यांत! असे दाखविणारा हिशेबनीस वेडा ठरेल; परंतु त्याने सूत्र मात्र पुस्तकातलेच वापरलेले असेल.

खरा हिशेब असा. सत्तावीसशेचे पंचवीस वर्षांत एक लाख व्हावयाचे तर वार्षिक चक्रवाढ दर सुमारे १५.५४ टक्के लागतो. पहिल्या वर्षी व्याज सुमारे ४२० रुपये. ते दिले गेले नाही, म्हणून कर्जात मिळाले. कर्ज ३,१२० झाले. दुसऱ्या वर्षाचे व्याज या ३,१२० वर. असे करीत गेल्यास वार्षिक व्याजाचा आकडा ३,८९२ च्या पलीकडे जाण्यास सतरावे वर्ष उजाडते आणि अखेरच्या एका वर्षात जवळजवळ साडेतेरा हजारांचे व्याज चढते. बोजाचा मोठा भाग अगदी शेवटी येतो. सरळ हप्त्यांची पद्धत आरंभीच्या वर्षांना विनाकारण दोषी ठरविते आणि शेवटच्या वर्षांना तेवढेच निर्दोष भासविते. जमाखर्चही तसाच ठेवावा लागतो. ताळेबंदात एक लाखाचे देणे आणि समोर ९७,३०० ची ‘मालमत्ता’ असा देखावा न मांडता, देणे प्रथम २,७०० दाखवून दरवर्षी व्याज नावे टाकून रोखे खाते त्या रकमेने वाढवीत न्यावयाचे. भारतीय लेखा मानकांच्या नव्या मालिकेने, जी मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, याच प्रभावी व्याजदराच्या पद्धतीचा स्वीकार केला आहे. कंपनी कायद्याच्या जुन्या परिशिष्टातील ‘निर्लेखित न झालेला किरकोळ खर्च’ हे शीर्षकही २०११ च्या सुधारित नमुन्यातून गेले. ते शीर्षक पाठ्यपुस्तकांतून मात्र अजून पुरते हटलेले नाही.

एवढ्याने रोख्याची गोष्ट संपत नाही, कारण परतफेड केव्हा आणि कोणाच्या मर्जीने हा प्रश्न उरतो. आयडीबीआयच्या रोख्यात पंचवीस वर्षांच्या आत टप्पे ठेवलेले होते: पाच वर्षांनी ५,७००, दहा वर्षांनी १२,०००, पंधरा वर्षांनी २५,००० आणि वीस वर्षांनी ५०,००० रुपये. या टप्प्यांवर रोखा परत बोलाविण्याचा अधिकार संस्थेलाही होता. जाहिरातीतील एक लाखाचा आकडा ज्यांनी वाचला, त्यांपैकी किती जणांनी बारीक अक्षरांतील हे कलम वाचले असेल? २००२ मध्ये आयडीबीआयने आपला अधिकार वापरला आणि बारा हजार रुपये देऊन रोखे परत घेतले.

यात फसवणूक नव्हती हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दहा वर्षांत सत्तावीसशेचे बारा हजार म्हणजे सोळा टक्क्यांहून थोडा अधिक दर, तोही विनासायास. वर्गात न शिकविला जाणारा आणखी एक बारकावा येथे दिसतो. १५.५४ टक्क्यांनी चढविलेले कर्ज दहाव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे ११,४५० होते. संस्थेने दिले बारा हजार. हे वरचे साडेपाचशे रुपये म्हणजे मुदतपूर्व परतफेडीचा खराखुरा तोटा. ‘तोटा’ हा शब्द या संपूर्ण व्यवहारात कोठे शोभत असेल तर तो येथेच, आणि तो परतफेडीच्या वर्षातच खर्ची पडावयास हवा.

परंतु रोखेधारकाच्या बाजूने पाहिले तर चित्र निराळे दिसते. त्याने पंचवीस वर्षांची योजना आखली होती. बारा हजार हाती घेऊन उरलेल्या पंधरा वर्षांत एक लाख करावयाचे, तर त्याला पंधरा टक्क्यांहून अधिक दर हवा होता. २००२ नंतर असा दर कोणती सुरक्षित संस्था देणार होती? आठ टक्क्यांनी गुंतविल्यास बारा हजारांचे पंधरा वर्षांत अडतीस हजार होतात. व्याजाचे दर उतरले म्हणून संस्थेने महाग कर्ज फेडले, आणि त्याच उतरलेल्या दरांच्या बाजारात धारकाला नव्याने उभे राहावे लागले. बोलाविण्याचा अधिकार नेहमी अशाच वेळी वापरला जातो, कारण दर वाढलेले असताना स्वस्त कर्ज फेडण्याची घाई कोणीच करीत नाही. शिवाय बोलाविण्याच्या तारखेनंतर रोख्यावर व्याज चढत नाही. पेटीच्या तळाशी प्रमाणपत्र ठेवून निश्चिंत राहिलेल्याला आणि पत्ता बदललेल्या धारकाला ही गोष्ट फार उशिरा कळते.

आयडीबीआयच्या बाबतीत करारात तरी तसे कलम होते. सरदार सरोवर नर्मदा निगम या गुजरात सरकारच्या कंपनीच्या रोख्यांची कथा याहून बोधक आहे. ज्या धरणाच्या पाण्याखाली नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी गावे गेली आणि ज्याच्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के हिस्सा आहे, त्या धरणासाठी निगमाने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना रोखा विकला. वीस वर्षांनी, जानेवारी २०१४ मध्ये, १,११,००० रुपये मिळावयाचे होते. दर सुमारे १८.७ टक्के पडतो. सात वर्षांनी १२,५००, अकरा वर्षांनी २५,००० आणि पंधरा वर्षांनी ५०,००० घेऊन बाहेर पडण्याचा हक्क होता. पण तो धारकाचा होता, निगमाचा नव्हता. पंधरा वर्षे थांबलेल्यांना अर्थातच बाहेर पडावयाचे नव्हते. पन्नास हजारांचे पाच वर्षांत एक लाख अकरा हजार म्हणजे सतरा टक्क्यांहून अधिक दर. तो सोडून जाणार कोण?

तेव्हा गुजरात विधिमंडळाने २००८ मध्ये खास कायदा केला, निगमाला रोखे मुदतीपूर्वी फेडण्याचा अधिकार बहाल केला, आणि जानेवारी २००९ मध्ये पन्नास हजार देऊन हिशेब मिटविण्यात आला. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १,११,००० रुपयांची किंमत दहा टक्के दराने त्या दिवशी सुमारे ६९,००० रुपये होत होती. म्हणजे प्रत्येक रोख्यामागे सुमारे एकोणीस हजार रुपये धारकाच्या पदरातून निगमाच्या पदरात गेले. महागडे कर्ज सार्वजनिक पैशावर किती काळ लादावे, हा सरकारचा प्रश्न खोटा होता असे नाही. परंतु तो प्रश्न १९९३ मध्ये, १८.७ टक्के दर कबूल करताना विचारावयाचा होता. त्या वेळी धरणाचे काम अडले होते, पैसा हवा होता, आणि वीस वर्षे एक पैसाही द्यावा न लागणारे कर्ज कोणत्याही अर्थखात्याला गोड वाटते. शून्य व्याजाच्या रोख्याचा खरा धोका तोच आहे. नफातोटा पत्रकात व्याज दरवर्षी दिसते, पण तिजोरीतून काही जात नाही. म्हणून ते कोणाला टोचत नाही. ज्यांनी कर्ज काढले ते फेडीच्या वर्षी खुर्चीवर नसतात.

परतफेडीची तरतूद आधीपासून करावी म्हणून कंपन्यांवर कर्जरोखे विमोचन निधीचे बंधन घातलेले होते. पूर्वी रोख्यांच्या रकमेच्या पंचवीस टक्के नफा त्यासाठी बाजूस काढावा लागे. ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीने सूचिबद्ध कंपन्यांना त्यातून मुक्त केले आणि बिगर-सूचिबद्ध कंपन्यांसाठी प्रमाण दहा टक्क्यांवर आणले. हा निधी म्हणजे तिजोरीतील रोकड नव्हे, तो नफ्याच्या वाटपावर घातलेला लगाम आहे, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खात्यात निधी भरगच्च आणि बँकेत शिल्लक नाही, असे दृश्य अशक्य नसते.

आता भागभांडवलाकडे वळावे. कंपनीला पैसा भाग विकूनही उभारता येतो. मग रोखा बट्ट्याने विकता येतो, तर दहा रुपयांचा भाग साडेनऊला का विकता येऊ नये? १९५६ च्या कायद्याने हे काही अटींवर चालू दिले होते: व्यवसाय सुरू होऊन वर्ष झालेले असावे, भागधारकांचा ठराव असावा, वरून मंजुरी असावी आणि बट्टा सामान्यतः दहा टक्क्यांच्या आत असावा. २०१३ च्या कायद्याच्या कलम ५३ ने ती वाट बंद केली. अपवाद उरला तो कर्मचाऱ्यांच्या श्रमाबद्दल दिलेल्या भागांचा, आणि पुढे २०१७ च्या दुरुस्तीने आलेला, अडचणीतील कंपनीच्या कर्जाचे भागांत रूपांतर करण्याचा. कर्जरोख्यांवर असा निर्बंध नाही.

हा भेद तांत्रिक नाही. भागभांडवल ही धनकोंपुढे धरलेली ढाल असते. ताळेबंदात एक कोटी भांडवल लिहिलेले असेल, तर तेवढा पैसा खरोखर आलेला आहे असे समजूनच पुरवठादार उधार माल देतो आणि बँक कर्ज देते. दहाचा भाग साडेनऊला विकला म्हणजे ढाल कागदावर मोठी आणि प्रत्यक्षात लहान. त्यात कापलेले पन्नास पैसे कधीच परत यावयाचे नसतात, कारण भागधारकाला दहा रुपये परत देण्याचे वचन कोणी दिलेलेच नसते. तेथे वचनच नाही, म्हणून कापलेल्या रकमेला व्याज म्हणता येत नाही. तो भांडवलातील खड्डाच होय. रोख्यात वचन आहे, तारीख आहे, रक्कम आहे. म्हणून तेथील कापलेली रक्कम तारखेपर्यंत हळूहळू भरून येते. ‘भांडवली तोटा’ हे नाव भागांच्या बट्ट्यास योग्य होते. रोख्यांच्या बट्ट्याला ते चिकटले, हा केवळ पुस्तकांच्या एका प्रकरणातून दुसऱ्या प्रकरणात झालेला नकलेचा दोष दिसतो.

यातून एक व्यावहारिक खूणही हाती लागते. ज्या कंपनीच्या दहा रुपयांच्या भागाला बाजारात आठ रुपये मिळतात, तिला नवे भाग काढता येत नाहीत. पण बट्ट्याने रोखे विकता येतात. त्यामुळे अडचणीतील कंपनी नेमकी याच वाटेने येते. लाभांश चुकला तर भागधारक नाराज होतो. रोख्याचे व्याज किंवा परतफेड चुकली तर विश्वस्त दारात उभा राहतो. वजावटीचा मोह त्यात भर घालतो: व्याज व बट्टा दोन्ही नफ्यातून कर आकारणीपूर्वी वजा होतात, लाभांश कर भरल्यानंतर उरलेल्या नफ्यातून द्यावा लागतो. पंचवीस टक्के कराच्या कंपनीला ११.३६ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांच्या आसपास पडते. नफा असेल तरच. नफा नसेल तर कराची सूट नाही, आणि व्याज मात्र पुरे.

तालुक्याच्या गावी शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या हाती एखाद्या रोख्याचे माहितीपत्रक पडले, तर त्याने मुखपृष्ठावरील मोठा आकडा बाजूस ठेवून तीन गोष्टी शोधाव्यात. आज किती द्यावयाचे व कोणत्या तारखेस किती मिळावयाचे, यावरून चक्रवाढ दर. मधल्या टप्प्यांवर बाहेर पडण्याचा हक्क कोणाचा. आणि परत बोलाविल्याची सूचना कोणत्या पत्त्यावर, कशा रीतीने येणार. तिसरी गोष्ट सर्वांत क्षुल्लक वाटते. परंतु बोलाविण्याची तारीख उलटून गेल्यावर व्याज थांबलेला रोखा घेऊन खिडकीशी उभे राहण्याची वेळ तिच्याकडे दुर्लक्ष केल्यानेच येते.